मधल्या शहराची वेळ

माझ्या आत्याला तुम्ही ओळखत नसलात, तरी तिचं लिखाण तुम्ही वाचलं असण्याची शक्यता आहे. वाचून बहुधा खणात टाकून दिलं असेल. नवा मिक्सर, इस्त्री किंवा पंखा घेतला की खोक्यात एक पातळ पुस्तिका निघते ना, तसल्या पुस्तिका ती लिहिते. "झाकण घट्ट बसल्याची खात्री करा." "ओल्या हाताने बटणाला स्पर्श करू नका." तेवीस वर्षं ती हेच लिहीत आली आहे आणि एकाही वाक्यावर तिचं नाव नाही.

एम.ए.च्या दोन वर्षांसाठी मी तिच्या घरी राहायला आले, तेव्हा मला या कामाचं हसू यायचं. मग एकदा तिला इस्त्रीच्या पाण्याच्या टाकीबद्दलचं एक वाक्य सात वेळा बदलताना पाहिलं आणि हसू थांबलं. वाक्य झालं की ती आतोबांना हाक मारते. आतोबांचं चष्म्याचं दुकान आहे. दुपारी जेवायला ते घरी येतात, आणि त्या वेळात त्यांच्यावर वाक्यांचे प्रयोग होतात. ती वाचते, ते तंतोतंत तसं करतात, मुद्दाम डोकं न वापरता.

"टाकी बाहेर काढा म्हणालीस, काढली. आता पाणी कुठे ओतू? इथे लिहिलेलं नाही. मी जमिनीवर ओततो."

"अहो, थांबा!"

"मग तसं लिही. मी गरीब गिऱ्हाईक. मला काय कळतंय!"

मागच्या बाजूची छोटी खोली हे तिचं ऑफिस. खिडकीशी टेबल, टेबलावर दोन स्क्रीन, शेजारी सदा अर्धं उघडलेलं इस्त्रीचं टेबल, आणि जमिनीवर सुटे केलेले मिक्सर. त्यांची तुकडी पाच जणांची. संपादक आणि पानं मांडणारा हे दोघं पश्चिमेच्या शहरात, जिथे घड्याळ आमच्यापेक्षा सहा तास मागे. चित्रकार आणि फिटर पूर्वेच्या शहरात, कारण कारखाना तिथे. ते आमच्यापेक्षा चार तास पुढे. आत्या एकटी मधे.

आत्याचा स्वभाव एका शब्दात सांगता येईल. तो शब्द म्हणजे "चालेल". घरात एक खुर्ची डुगडुगते, तिच्यावर आत्याच बसते. पंख्याखालची जागा दुसऱ्याची. कुणी विचारलंच, तर "मला काही होत नाही, चालेल." आतोबा म्हणतात, "लग्नाच्या वेळी हिला मी पसंत आहे का विचारलं, तेव्हाही चालेल म्हणाली. अजून मला कळलेलं नाही की चाललो की पळालो."

या एका शब्दानेच तीन वर्षांपूर्वी घोटाळा केला होता. नवे संपादक आले आणि त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "रोजची मीटिंग कधी ठेवू? मला बाराला बरं पडतं, सकाळची कामं उरकलेली असतात." आत्या लगेच म्हणाली, "कधीही चालेल सर." पूर्वेची चित्रकार तेव्हा नवीन होती. वडीलधारी बाई चालेल म्हणतेय, तर आपण काय बोलणार, म्हणून तीही गप्प राहिली. ठरलं. त्यांच्याकडे दुपारी बारा, आमच्याकडे संध्याकाळी सहा आणि पूर्वेला रात्रीचे दहा.

"त्यांचे बारा वाजले की आमचे तीनतेरा," आतोबा रोज सहाला म्हणायचे आणि टीव्हीचा आवाज बारीक करायचे.

तर अशी ही आत्या बावन्नाव्या वर्षी पोहायला शिकायला निघाली.

कुणी सुचवलं नव्हतं, डॉक्टरांनीही नाही. संपादक तीन आठवडे सुट्टीवर होते, मीटिंगा बंद होत्या, आणि एका संध्याकाळी सहा वाजता अचानक मोकळं सापडल्यावर ती चालत नगरपालिकेच्या तलावापर्यंत गेली आणि नाव घालून आली. मोठ्या बायकांची बॅच, मंगळवार आणि गुरुवार, सहा ते सात. घरी येऊन पोहण्याचा पोशाख पिशवीतून काढला आणि आम्हा दोघांसमोर धरला. आतोबांनी पिशवीत डोकावून पाहिलं. मग म्हणाले, "टोपीसुद्धा आहे?"

"निळी," आत्या म्हणाली.

पहिल्या पाच तासांना ती गेली. पाचव्या दिवशी तिने काठ सोडून चार हात मारले. तिचं घरी येऊन सांगणं मला आठवतं. ओले केस, लाल डोळे, आणि जेवायला बसल्यावरही हात हवेत. "पाणी आपल्याला धरतं गं. आपण धडपडलो की सोडतं. मी किती वर्षं उगाच घाबरत होते!" त्या दिवशी तिने दोनदा वाढून घेतलं.

मग संपादक सुट्टीवरून परत आले.

सहाव्या, सातव्या, आठव्या तासाला आत्या गेली नाही. नवव्याच्या दिवशी तलावावरून शिकवणाऱ्या बाईंचा फोन आला. या बाईंचा आवाज इतका खणखणीत आहे की फोन कानाला लावायची गरज पडत नाही. मी स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं.

"बुडालात की काय?"

"नाही हो, काम असतं सहाला."

"सगळ्यांना असतं. हे बघा, माझ्याकडे अकरा जणी वाट बघतायत. पुढच्या मंगळवारी आलात तर जागा तुमची. नाही आलात, तर मी देऊन टाकणार. शेवटी खोल बाजू पार करायची परीक्षा आहे, आणि त्यानंतर तलाव दुरुस्तीला वर्षभर बंद. मग बसा घरी बादलीत पोहत."

आत्याने फोन ठेवला. निळी टोपी दाराच्या आकड्याला लटकत होती, ती काढून तिने कपाटात ठेवली आणि सहाच्या मीटिंगला जाऊन बसली. मला वाटलं, झालं. आता ती "चालेल" म्हणणार.

पण त्याच मीटिंगमध्ये बाणाचं प्रकरण निघालं.

नव्या मिक्सरच्या पुस्तिकेत झाकण कोणत्या दिशेला फिरवायचं ते दाखवणारा एक बाण होता. तो उलटा काढला गेला होता. वाक्य बरोबर होतं, पण चित्र चूक. छापायला जाण्याआधी फिटरने ते पकडलं.

"या बाणाप्रमाणे झाकण फिरवलं ना साहेब, तर झाकण निघेल आणि भांड्यातलं सगळं छतावर. घर रंगवायचं असेल त्याला सोयीचं आहे," फिटर स्क्रीनवरून म्हणाला. आत्या सोडली, तर तो कुणालाही साहेब म्हणतो, मशीनलासुद्धा.

संपादक चिडले नव्हते. त्यांना खरंच नवल वाटलं होतं. "इतकी वर्षं एक बाण चुकला नाही. हे चित्र कधी काढलंत?"

चित्रकार स्क्रीनजवळ सरकली. तिच्यामागची खोली अंधारी होती, आणि ती नेहमीप्रमाणे हळू आवाजात बोलायची, कारण पडद्यापलीकडे तिची चार वर्षांची मुलगी झोपलेली असायची. "सोमवारी, मीटिंग झाल्यावर," ती म्हणाली. "तुम्हाला लगेच हवं होतं."

"मीटिंग झाल्यावर म्हणजे दुपारी. मग?"

इथे आत्या बोलली. मी दारात चहा घेऊन उभी होते, म्हणून मला ठाऊक आहे की ती बोलण्याआधी तिने खुर्ची पुढे ओढली. "सर, तिच्याकडे आत्ता दहा वाजलेत. रात्रीचे."

"आत्ता?"

"रोजच."

संपादकांनी चष्मा काढला. "मला वाटत होतं, ते तुमच्याहून मागे आहेत. म्हणजे दुपारचे दोनबिन." आणि मग जरा वेळाने, "तीन वर्षं?"

फिटरने खाकरून सांगितलं, "साहेब, सूर्य आमच्याकडे आधी येतो."

हशा पिकला, पण संपादक हसले नाहीत. ते म्हणाले, "मॅडम, एक मेल लिहा. आपण सगळे एकत्र कोणत्या वेळात काम करायचं, कुणी किती सरकायचं आणि का, सगळं लिहा. मला तो वर पाठवावा लागेल, म्हणून कारणं नीट असू द्या. शुक्रवारपर्यंत जमेल?"

आत्या म्हणाली, "जमेल."

बुधवारी संध्याकाळी मीटिंगनंतर जेवणाचं टेबल पुसून तिने माझ्याकडून वहीचे लांब कागद घेतले आणि तीन पट्ट्या कापल्या. प्रत्येक पट्टीवर चोवीस घरं आखली, तास लिहिले. कामाचे तास म्हणजे नऊ ते सहा पिवळ्या पेन्सिलीने रंगवले. एक पट्टी पश्चिमेची, एक आमची, एक पूर्वेची. मग त्या एकाखाली एक ठेवून सरकवल्या. आमच्या दुपारच्या तीनवर पश्चिमेचे सकाळचे नऊ आले आणि पूर्वेचे संध्याकाळचे सात. तिघांचं पिवळं एकावर एक कुठेच येत नव्हतं. पूर्वेचं संपायचं तेव्हा पश्चिमेला सकाळचे आठ असायचे. मधे एक तासाची फट.

आतोबा चष्मा कपाळावर ढकलून वाकले. "सोपं आहे. मीटिंग तासाची. दोनला ठेव. संपादकांनी आठला यायचं, चित्रकाराने सातपर्यंत थांबायचं. दोघांना एकेक तास. भांडण मिटलं."

"कागदावर मिटलं," आत्या म्हणाली. "सहाला ती मुलीला पाळणाघरातून आणते. सहा म्हणजे सहा, नाहीतर ते दंड लावतात आणि पोरगी रडते ते वेगळं. आणि सर आठ ते नऊ फोन उचलत नाहीत, मुलांना शाळेत सोडायचं असतं. दोघांना एकेकच तास, पण दोघांचा सगळ्यात वाईट तास."

"मग?"

"सातला ती मोकळी असते, तोवर नवरा घरी आलेला असतो. सर सातला मोकळे असतात, मुलं उठलेली नसतात. साडेसहापासून तर त्यांचे मेल येतात." तिने पट्ट्या पुन्हा सरकवल्या. "एक महिना सरांनी सातला यायचं. आपला एक वाजतो, तिचे पाच. पुढचा महिना सर नऊला. आपले तीन, तिचे सात. एकदा सरांनी दोन तास सोसायचे, एकदा तिने. आणि रोज कशाला? आठवड्यातून दोनदा पुरे."

मला ते इतकं सुंदर वाटलं की मी टाळी वाजवली. पट्ट्यांकडे बघताना असं वाटत होतं, तीन शहरं एकमेकांना वाट करून देत आहेत, अरुंद जिन्यावर माणसं देतात तशी.

आत्या मात्र मधल्या पट्टीवर बोट ठेवून बसली. एक वाजता, तीन वाजता. दोन्ही पिवळ्यात.

"आपल्याला काहीच सरकावं लागत नाही," ती म्हणाली.

"मग चांगलंय की!" मी म्हटलं. "सहाला पोहायला जा."

"तेच तर. मेल मी लिहायचा, आणि सुटायचंही मीच? लोक म्हणतील, बाईने स्वतःची सोय बघितली."

"कोण लोक? चार जण आहेत," आतोबा म्हणाले.

"चार जण म्हणजे लोकच."

आम्ही झोपायला गेलो. तिने पट्ट्या गुंडाळून रबर लावलं, खणात टाकल्या आणि मेल लिहायला बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी मसुदा पूर्वेला पाठवला. संपादकांना पाठवण्याआधी ज्यांची झोप जाते त्यांनी तो वाचावा, असं तिचं म्हणणं.

मसुद्यात एक ओळ वाढली होती, ती आम्हाला शुक्रवारी सकाळी कळली. नऊला आत्याने संगणक सुरू केला आणि लगेच चित्रकाराचा चेहरा आला. तिकडे दुपारचा एक, मागे लख्ख ऊन. मी तिला पहिल्यांदाच उजेडात बघत होते. ती मोठ्याने बोलत होती.

"ताई, तिसऱ्या महिन्यात तुम्ही तुमचा वाटा उचलणार आहात म्हणे?"

"हो ना. तुम्ही दोघं सरकणार, मग मीही सरकायला हवं. तिसऱ्या महिन्यात सहाला ठेवू. माझ्या शहराची संध्याकाळ गेली म्हणजे झालं."

"वाटा तुमचा, आणि जागरण माझं?"

आत्याला कळलं नाही. "म्हणजे?"

"तुमच्याकडे सहा, तेव्हा माझ्याकडे किती?"

आत्याने खण उघडला, रबर काढलं, पट्ट्या टेबलावर ठेवल्या आणि सरकवल्या. मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. सहाच्या खाली दहा.

"अगं बाई!"

पलीकडून फिटर चौकटीत डोकावला. हातात पंख्याचं पातं होतं. "ताई, उपास तुम्ही धरणार आणि उपाशी आम्ही झोपणार, असं झालं हे."

"मग सकाळी सरकते मी! सातला ठेवू!"

"ठेवा. सर रात्री एकला उठतील," चित्रकार म्हणाली, आणि दोघंही हसायला लागले.

आत्याने खरोखर पट्टी सरकवून पाहिली. सात, आणि वर एक. तिने अलीकडे नेली, पलीकडे नेली. मधली पट्टी जराशी जरी ओढली, तरी एका टोकाला कुणीतरी अंथरुणातून उठत होतं. तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं, जे मी पूर्वी पाहिलं नव्हतं. नेहमीचं, सवयीचं नाणं घेऊन दुकानात जावं आणि दुकानदाराने ते परत करावं, तसं.

"म्हणजे मला सोसायला जागाच नाही," ती म्हणाली.

"नाही ताई. तुम्ही मधे आहात. मधल्याने जागेवर राहायचं. तेच तुमचं काम."

"पण मग मी काय द्यायचं?"

"ते विचारा ना! ते चांगलं विचारलंत." चित्रकार पुढे झुकली. "मला सरांना मीटिंगबाहेर काही विचारायचं असलं की दोन दिवस जातात. मी कामाला बसते तेव्हा ते झोपलेले. पण तुम्ही नऊ ते दोन माझ्याबरोबर जाग्या, आणि तीन ते सहा त्यांच्याबरोबर. माझे प्रश्न दोनपर्यंत घ्या, त्यांच्यापुढे तीनला ठेवा. उत्तर लिहून ठेवलंत, की मी सकाळी वाचीन. मीटिंगपेक्षा ते हवंय मला."

"एवढंच?"

"एवढं आहे होय! रोज लिहून ठेवा म्हणजे कळेल."

फिटर म्हणाला, "आणि ताई, ते पोहण्याचं लिहा मेलमध्ये."

आत्या दचकली. "तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. मागच्या महिन्यात तीनदा. चार हात मारलेत म्हणून."

"कामाच्या मेलमध्ये कसलं पोहणं!"

"माझी मुलगी लिहिलीत," चित्रकार म्हणाली. "सरांची शाळा लिहिलीत. मग तुमचा तलाव काय बुडीत आहे?"

दुपारी एकला मेल गेला. पाठवण्याआधी आत्याने तो आतोबांना वाचून दाखवला. हातातला घास खाली ठेवून त्यांनी ऐकला. त्यातला काही भाग मी उतरवून घेतला होता:

"सर, सोबत तीन शहरांच्या तासांचा तक्ता आहे. प्रत्येक ओळीत तिन्ही घड्याळं लिहिली आहेत. पुढेही कुणी वेळ सुचवली तर तिन्ही लिहूनच सुचवावी, कारण एकच घड्याळ बघून सुचवण्याची चूक मी स्वतः कालच केली.

एकत्र मीटिंग सोमवार व गुरुवार, एक तास. एक महिना तुमच्या सातला, पुढचा महिना पूर्वेच्या सातला. ज्याने लवकर यायचं त्याने त्या दिवशी दोन तास लवकर जावं. ज्याने उशिरापर्यंत थांबायचं त्याने त्या दिवशी अकराला काम सुरू करावं. सरकलेले तास दिवसात वाढू नयेत. एकेक तास वाटून घेणं दिसायला जास्त न्याय्य आहे, पण तो तास दोन्हीकडे मुलांचा आहे.

तुमच्या शहरात उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात, आमच्याकडे आणि पूर्वेला करत नाहीत. म्हणून आपली मीटिंग इथे काही महिने पाचला आणि बाकी सहाला येत असे. नव्या व्यवस्थेत ते आपोआप बदलू नये. त्या वेळी आपल्यातलं अंतर तासाने कमी होईल. तो वाचलेला तास कुणाला द्यायचा, हे सगळ्यांनी बोलून ठरवावं.

माझ्याविषयी. या व्यवस्थेत माझ्या वेळेला कुठेच धक्का लागत नाही. मी मधल्या शहरात असल्याने मी सरकले तर दोघांपैकी एकाची झोप जाते. त्याऐवजी पूर्वेचे प्रश्न रोज दोनपर्यंत घेऊन तुमच्यापुढे ठेवणं आणि साडेपाचला लेखी टिपण करणं हे माझ्याकडे राहील. शिवाय मंगळवारी व गुरुवारी सहाला मी पोहायला जाते. हेही या मेलमागचं एक कारण आहे, ते लपवावंसं वाटत नाही."

आतोबांनी घास उचलला. "शेवटचं वाक्य मला तपासायला हवं होतं. पण मला पोहता येत नाही."

मेल गेल्यावर शनिवार-रविवार आत्याने घरातल्या सगळ्या चादरी धुतल्या. धुतलेल्याही पुन्हा धुतल्या. मंगळवार दोन दिवसांवर होता. संपादक वाईट माणूस नव्हते, पण वर पाठवणार म्हणाले होते, आणि वर गेलेली गोष्ट कधी खाली येते ते कुणाला ठाऊक!

सोमवारी साडेतीनला फोन वाजला. पश्चिमेचे साडेनऊ. आत्याने खोलीचं दार लावलं नाही. आतोबा त्या दिवशी दुकानात परत जायचं विसरले.

"मॅडम, मेल वाचला. दोनदा. एक विचारू? तीन वर्षांपूर्वी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत तेव्हा मीच म्हटलं, कधीही चालेल."

"आणि मी ते खरं मानलं."

"ती माझी चूक, सर."

"अर्धी माझी. घड्याळ बघायला पैसे पडत नाहीत. वर पाठवलंय. तिथून एकाच ओळीचं उत्तर आलं, तुमचं तुम्ही ठरवा. एवढंच हवं होतं तर मी उगाच घाबरवलं तुम्हाला. पहिला महिना माझा. पण सोमवार तेवढा सोडा हो. सोमवारी सातला मी माणसात नसतो. बुधवार-शुक्रवार करू?"

आत्याचं तोंड उघडलं. तो शब्द ओठावर आलेला मला दिसला. मग तिने तो मागे घेतला आणि म्हणाली, "थांबा, बघते." तिने पूर्वेला निरोप टाकला, उत्तर येईपर्यंत संपादकांना फोनवर धरून ठेवलं. तिथे संध्याकाळचे साडेसात, चित्रकाराचं उत्तर मिनिटभरात आलं. "बुधवार-शुक्रवार जमेल, सर. तिलाही."

"आणि उद्याची सहाची मीटिंग रद्द. उद्यापासून बंदच." मग जरा संकोचून, "मॅडम, खोल पाण्यात गेलात का अजून?"

"नाही. परीक्षेला जायचंय."

"कळवा."

फोन ठेवल्यावर आत्याने आतोबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "माझ्याकडे काय बघतेस? मी मधे नाही, मी टोकाला आहे. मला चहा कर." आणि मग स्वतःच उठून तिघांचा चहा केला.

बुधवारी एक वाजता पहिली मीटिंग झाली. पश्चिमेच्या खिडकीत अजून पुरतं उजाडलं नव्हतं. संपादकांचे केस एका बाजूला उभे होते, आणि मांडणीवाला चादर पांघरूनच बसला होता. पूर्वेला पाचचं तिरकं ऊन चित्रकाराच्या टेबलावर पडलं होतं आणि ती खळखळून, पूर्ण आवाजात, बाणांबद्दल बोलत होती. पाऊण तासात सगळं संपलं. उरलेली पंधरा मिनिटं कुणीच उठलं नाही.

परीक्षा सात आठवड्यांनी, गुरुवारी झाली. मी आणि आतोबा कट्ट्यावर बसलो होतो. दहा बायका आधी गेल्या, काही सरळ, काही वाकड्या, एकीने मधेच दोर धरला. आत्या शेवटची. शिकवणाऱ्या बाई काठाने चालत होत्या, हातात लांब बांबू, गरज पडली तर धरायला.

"पाय मारा! मान खाली! बघू नका खाली, काही नाहीये तिथे, पाणीच आहे!"

निळी टोपी हळूहळू पुढे सरकत होती. मध्यावर ती थांबली. आतोबांनी माझं मनगट धरलं. पण ती बुडत नव्हती. नुसती थांबली होती, पाण्यात उभी असल्यासारखी, हात पसरून, दोन्ही काठ सारखेच लांब असलेल्या जागी, आणि वर बघत होती.

"काय झालं?" बाई ओरडल्या.

"काही नाही. छान वाटतंय."

"मग पुढे जा ना बाई, मागे मुलांची बॅच उभी आहे!"

ती गेली. पलीकडचा काठ धरला, टोपी मागे सारली, दम घेतला. आतोबांनी अशी शिट्टी मारली की चष्म्याच्या दुकानदाराकडून कुणी अपेक्षा केली नसती. बाईंनी वहीत खूण केली आणि "झालं, या वर," म्हणून हात पुढे केला.

आत्याने त्या हाताकडे पाहिलं, हसली, पायाने काठाला जोर दिला आणि पुन्हा खोल पाण्यात शिरली. बाईंना ओरडायचं सुचलं, तोवर ती निम्म्यावर पोचली होती.